नोकरी सोडल्यावर दोन वर्षं त्याच धंद्यात जायचं नाही, ही अट कुठपर्यंत टिकते?

प्रश्न: मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. पगार 32,000. रुजू होताना शंभरच्या स्टॅम्पवर बाँड लिहून घेतला, नोटरीही केली. त्यात दोन महिन्यांची नोटीस आहे. पुण्यात एनडीटीचं, म्हणजे माल न फोडता तो तपासण्याचं ट्रेनिंग दिलं, त्यानंतर दोन वर्षं थांबायचं, नाहीतर दीड लाख भरायचे. आणि कंपनी सोडल्यावर दोन वर्षं सांगली, सातारा, कोल्हापुरात तसल्याच कंपनीत जायचं नाही, गेलो तर पाच लाख. ट्रेनिंग होऊन 16 महिने झाले, कंपनीचा खर्च साधारण 36,000 झाला असेल. डिप्लोमाच्या मूळ मार्कशीट आणि सही केलेला एक कोरा चेक त्यांच्याकडे आहे. आता सातारा एमआयडीसीतून ऑफर आली आहे, त्यांना मी पुढच्या महिन्यात हवा आहे. एचआर म्हणतात, "कोर्टातून स्टे आणू." हा बाँड खरंच लागू होतो का?

उत्तर: तुम्ही याला एक बाँड म्हणता, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचं भवितव्य वेगळं आहे. सोडल्यानंतरची दोन वर्षांची बंदी शून्य आहे, म्हणजे कायद्याने ती लागूच करता येत नाही, आणि तिला चिकटलेले पाच लाखही तिच्यासोबत जातात. नोटिशीची अट लागू आहे. ट्रेनिंगची अटही लागू आहे, पण दीड लाख म्हणून नाही, तर खऱ्या नुकसानीपुरती. तुमच्या प्रकरणात खरा धोका स्टेचा नाही. तो त्या कोऱ्या चेकचा आहे आणि सातारला कोणत्या तारखेला रुजू होता याचा आहे.

आधी बंदीची अट घेऊ. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 27 सांगतं, की कोणालाही कायदेशीर पेशा, धंदा किंवा व्यापार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य असतो. इतकं सरळ वाक्य या कायद्यात फार ठिकाणी नाही. इंग्लंडमध्ये न्यायालय आधी विचारतं, की बंदी वाजवी आहे का, मुदत किती, क्षेत्र किती, आणि वाजवी वाटली तर ती टिकते. आपल्या कलमात "वाजवी" हा शब्दच नाही. म्हणून "फक्त तीनच जिल्हे तर आहेत" किंवा "दोनच वर्षं तर आहेत" हा कंपनीचा युक्तिवाद इथे चालत नाही. जाणकार वकीलसुद्धा कधीकधी इंग्लंडमधले निवाडे वाचून इथेही तसंच असेल असं धरून चालतात, म्हणून हा मुद्दा पक्का करून ठेवा.

हा प्रश्न फार जुना आहे. 1874 साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे माधब चंदर विरुद्ध राजकुमार दास हा खटला आला होता. एकाच भागात धंदा करणाऱ्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला सांगितलं, की तू तुझं दुकान बंद कर, कारागिरांना तू दिलेली 900 रुपयांची उचल मी भरून देतो. त्याने दुकान बंद केलं, पण पैसे काही मिळाले नाहीत, म्हणून त्याने दावा लावला. न्यायालयाने म्हटलं, की बंदी एका भागापुरती असली तरी कलम 27 ला ती शून्यच आहे, आणि करारच शून्य म्हटल्यावर त्यावर उभे असलेले 900 रुपयेही मागता येणार नाहीत. शून्य करार दोन्ही बाजूंना रिकामा असतो, हे या खटल्यात स्पष्ट दिसतं. तुमचे पाच लाख त्याच न्यायाने जातात. दंड मागायचा तर आधी कराराचा भंग व्हावा लागतो, आणि जी अट कायद्याच्या नजरेत कधी नव्हतीच तिचा भंग कसा होणार?

नोटरीने यात फरक पडत नाही. सही तुमचीच आहे, एवढंच नोटरीमुळे सिद्ध व्हायला मदत होते. स्टॅम्प शंभरचा असो की पाचशेचा, शून्य अट त्याने जिवंत होत नाही. आणि शून्य म्हणजे गुन्हा नव्हे. अशी अट लिहून घेतली म्हणून कंपनीवर फौजदारी होत नाही, आणि सही करून ती मोडली म्हणून तुमच्यावरही नाही. कायदा फक्त अंमलबजावणीला हात लावत नाही.

आता बाँड हातात घ्या आणि बंदीचं वाक्य शब्दाशब्दाने वाचा. अशा बाँडमध्ये बहुतेक वेळा मजकूर साधारण असा असतो: "कर्मचारी सेवेत असताना तसेच सेवा सोडल्यापासून दोन वर्षांपर्यंत सांगली, सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांत तत्सम व्यवसायातील कोणत्याही आस्थापनेत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष काम करणार नाही." वाक्य एकच आहे, पण आत दोन अटी आहेत. पेन्सिलने "तसेच सेवा सोडल्यापासून दोन वर्षांपर्यंत" एवढे शब्द कंसात घाला. कलम 27 मधला "तेवढ्यापुरता" हा शब्द नेमका एवढाच तुकडा कापतो. उरलेलं वाक्य, म्हणजे "सेवेत असताना दुसरीकडे काम करणार नाही", तसंच उभं राहतं आणि ते पूर्णपणे लागू असतं. कारण नोकरी चालू असताना एका मालकाचं काम करणं हा धंद्यावरचा निर्बंध नाही. नोकरीचा अर्थच तो आहे.

याच फरकावर 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंचुरी स्पिनिंग हा निवाडा दिला. कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्ड यार्नसाठी गोलिकरी यांना 1963 पासून पाच वर्षांच्या मुदतीवर शिफ्ट सुपरवायझर म्हणून घेतलं होतं. परदेशी कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर मिळालेलं तंत्र त्यांना शिकवलं होतं. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत सोडलं तर उरलेल्या काळात तशाच कामाला दुसरीकडे जायचं नाही, असं करारात होतं. 1964 मध्ये ते सोडून कोटाच्या एका रेयॉन कंपनीत जास्त पगारावर गेले. न्यायालयाने त्यांना उरलेल्या मुदतीपुरती मनाई केली आणि ती टिकली. एचआरवाले बहुधा याच निवाड्याचा हवाला देतात. पण मनाई कराराच्या मुदतीच्या आतल्या काळाची होती आणि तेवढ्याच कामापुरती होती, हे सांगायचं ते सोडून देतात.

म्हणून तुमच्या नेमणूकपत्रात एक गोष्ट आजच तपासा. नेमणूक कायम आहे, की ठरावीक मुदतीची? "तीन वर्षांच्या कालावधीसाठी नियुक्ती" असं लिहिलं असेल आणि मुदत अजून शिल्लक असेल, तर वर म्हटलेली सगळी बाजू बदलते. तेव्हा कंपनी "मुदतीत आहे" असं म्हणू शकते. तुम्हाला कामावर परत यायला न्यायालय भाग पाडत नाही, कारण माणसाकडून जबरदस्तीने नोकरी करवून घेता येत नाही. पण मुदत संपेपर्यंत प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नका, एवढं सांगण्याचा अधिकार विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 42 खाली न्यायालयाला आहे. तुमच्या ट्रेनिंगच्या अटीतही पाहा. तिथे फक्त "दोन वर्षं थांबावं, अन्यथा दीड लाख" आहे, की "त्या दोन वर्षांत अन्यत्र नोकरी करणार नाही" असंही आहे? तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिलं दिसतं. तसं असेल तर तो फक्त पैशाचा प्रश्न राहतो.

नोकरी संपल्यानंतरच्या काळाबद्दल मात्र न्यायालयांनी सातत्य ठेवलं आहे. 1980 च्या कृष्ण मुरगई प्रकरणात कंपनीच्या दिल्ली शाखेच्या मॅनेजरवर दोन वर्षांची बंदी होती. कंपनीनेच त्यांना काढलं आणि मग स्वतःचा धंदा सुरू केला म्हणून न्यायालयात खेचलं. दोन न्यायमूर्तींनी "सोडल्यास" या शब्दात काढून टाकणं येत नाही, एवढ्यावर कंपनीला नाकारलं. तिसरे न्यायमूर्ती पुढे गेले आणि नोकरीनंतरची बंदी कलम 27 ला शून्यच, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. 2006 साली आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात तर पूर्ण बंदीही नव्हती. मुदत संपल्यावर दुसऱ्या एजन्सीची ऑफर आधी जुन्या एजन्सीपुढे ठेवायची, एवढीच अट होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने तीही मुदतीनंतर लागू करायला नकार दिला.

काही कंपन्या आता वेगळी रचना करतात: नोकरी संपल्यावर तीन महिने घरी बसा, आम्ही त्याचे पैसे देतो, पण कुठे जायचं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने अशा अटीकडेही प्रथमदर्शनी निर्बंध म्हणूनच पाहिलं. पैसे दिल्याने बंदी चांगली होत नाही. नोटीस पिरियडमध्ये पगार देऊन घरी बसवणं ही गोष्ट निराळी आहे, कारण तेव्हा नोकरी चालूच असते.

इथून तुमच्या तारखेचा प्रश्न येतो. दोन महिन्यांची नोटीस आहे आणि सातारच्या कंपनीला तुम्ही महिन्यात हवे आहात. राजीनामा मंजूर होऊन शेवटचा दिवस लेखी ठरण्याआधी तुम्ही तिथे रुजू झालात, तर तुम्ही "सेवेत असताना" दुसरीकडे गेलात. म्हणजे जी अट टिकते नेमकी तीच मोडली. अशा वादांत माणसं हरतात ती बहुतेक इथेच. बंदी शून्य आहे हे खरं असूनही नोटिशीच्या दिवसांत नव्या गेटवर कार्ड पंच केल्याने बाजू पडते, कारण मग कंपनीला दोन वर्षांच्या अटीची गरजच उरत नाही.

करारात "नोटीस किंवा त्याऐवजी पगार" असं असेल तर उरलेल्या एका महिन्याचे पैसे भरून तुम्ही महिन्यात मोकळे होऊ शकता. रक्कम 32,000 की फक्त मूळ पगार, हे अटीच्या शब्दांवर ठरतं. काही बाँडमध्ये हा पर्याय फक्त कंपनीला दिलेला असतो, तेही पाहून घ्या. तसं असेल तर विनंती करून लेखी संमती घ्या, किंवा सातारकरांना सांगून आणखी एक महिना मागा. महिनाभराचा उशीर परवडतो.

आता ट्रेनिंगचे दीड लाख. इथे बरेच जण उलट टोकाला जातात आणि "सगळेच बाँड बेकायदा" म्हणून मोकळे होतात. ते चूक आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची अट आणि मुदतीआधी सोडल्यास दोन लाख रुपये, हे दोन्ही मान्य केलं. अधिकाऱ्याने दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी मध्येच राजीनामा दिला होता. न्यायालयाने म्हटलं, की ही अट नोकरीच्या मुदतीतली आहे, पुढे धंदा करण्यावरची नाही, म्हणून कलम 27 लागत नाही. शिवाय सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखती हे सगळं पुन्हा करावं लागतं, आणि त्या अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने दोन लाख जाचक नाहीत. तो निवाडा तुमची कंपनीही दाखवेल. पण त्याचा अर्थ कोणताही आकडा लिहा आणि वसूल करा, असा नाही.

कारण मध्ये करार कायद्याचं कलम 74 येतं. करारात रक्कम लिहिली असली तरी ती कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच देतं, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तिथे ते दाखवावं लागतं. तुमच्या बाबतीत मोजता येतं. फी, राहणं आणि प्रवास मिळून 36,000. बदल्यात कंपनीला 24 महिने हवे होते, त्यातले 16 तिला मिळाले, 8 राहिले. 36,000 चे आठ-चोविसांश म्हणजे 12,000 रुपये. हे सूत्र कायद्यात कुठे लिहिलेलं नाही आणि न्यायाधीश त्याला बांधलेले नाहीत. पण तडजोडीची सुरुवात करायला यापेक्षा सरळ हिशेब सापडत नाही. कंपनी जागेवर नवा माणूस तयार करण्याचा खर्च त्यात घालू पाहील, तेव्हा बिलं मागा. ट्रेनिंगच्या आठवड्याचा पगार "ट्रेनिंग खर्च" म्हणून लावला असेल तर त्याला हरकत घ्या. आणि कंपनीतल्याच सीनियरने शॉपवर चार दिवस काम दाखवलं, त्याला ट्रेनिंग म्हणून लाखाचा बाँड केला असेल, तर दाखवायला खर्चच नसतो. तुमचं तसं नाही. बाहेरच्या संस्थेत जाऊन घेतलेलं आणि तुमच्या नावाचं प्रमाणपत्र देणारं ट्रेनिंग आहे. ते प्रमाणपत्र सातारलाही कामाला येणार आहे. म्हणून तेवढे पैसे देणं रास्त आहे, असं आमचं मत आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण एक अट शोधून पाहा: गुप्ततेची. ती नोकरीनंतरही टिकते आणि तिच्यावर मनाई खरोखर मिळते. अल्ट्रासोनिकचा प्रोब कसा धरायचा, फिल्मवर पोरॉसिटी आणि श्रिंकेज यांतला फरक कसा ओळखायचा, हे तुमच्या हाताडोळ्यांत बसलेलं कसब आहे. ते कोणी काढून घेऊ शकत नाही. पण कंपनीचं ड्रॉइंग, कास्टिंगच्या रिजेक्शनचा डेटा, ग्राहकांचे रेट, वेल्डिंगच्या प्रोसिजरची फाइल हे कंपनीचं आहे. शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या जीमेलवर काही फॉरवर्ड करू नका. "नमुना म्हणून" ठेवलेली एक एक्सेल फाइलसुद्धा पुढे पुरावा होते, कारण मेलवर तारीख आणि वेळ छापलेली असते. लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि कागद यादी करून परत द्या, यादीवर सही घ्या. व्हॉट्सॲपवर ग्राहकांनी पाठवलेली ड्रॉइंग असतात, तीही आठवणीने काढा, पण आधी स्टोअर किंवा डिझाइनकडे त्यांची प्रत असल्याची खात्री करून.

कलम 27 ला कायद्याने एक अपवाद ठेवला आहे, तो धंद्याची नावलौकिकासह विक्री झाल्याचा. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या पेढी नावासकट विकतो, तेव्हा त्याने शेजारीच नवी पेढी टाकायची नाही, अशी वाजवी क्षेत्रापुरती अट टिकते. भागीदारांसाठीही भागीदारी कायद्यात तशी तरतूद आहे. कारण तिथे माणसाने धंदा विकून त्याचे पैसे घेतलेले असतात. नोकराने काही विकलेलं नसतं. मिरजेत डॉक्टरांना हा प्रश्न नेहमी पडतो: हॉस्पिटल सोडल्यावर पाच किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही, अशी अट कन्सल्टंटच्या करारात असते. डॉक्टर पगारी नसेल, व्यावसायिक म्हणून फी घेत असेल, तरी कलम 27 मध्ये "पेशा" हा शब्द आहेच. भागीदारीतून बाहेर पडलेला डॉक्टर असेल तर मात्र अपवाद तपासावा लागतो.

तुमच्या बाँडचा मागचा भागही वाचा, कारण अशा कागदांत आणखी शून्य वाक्यं लपलेली असतात. "या बाँडबाबत कोणत्याही न्यायालयात दाद मागणार नाही" हे कलम 28 खाली शून्य आहे. "तक्रार तीन महिन्यांत न केल्यास हक्क संपुष्टात येईल" हेही त्याच कलमात बसतं, 1997 च्या दुरुस्तीनंतर तर निःसंशय. पण "वाद झाल्यास फक्त सांगली न्यायालयात" हे वेगळं. सांगलीला मुळात अधिकार असताना तिथेच यायचं ठरवणं चालतं, आणि नोकरीच्या करारातही ते चालतं हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं आहे. "ग्रॅच्युइटी मागणार नाही" हे कायद्याविरुद्ध म्हणून पडतं. मुलींच्या बाँडमध्ये "ट्रेनिंगच्या काळात लग्न करणार नाही" असं लिहिलेलं असेल, तर ते कलम 26 खाली शून्य, त्यावर चर्चाच नाही. "कंपनी वेळोवेळी ठरवील त्या क्षेत्रात आणि त्या रकमेस पात्र" अशा वाक्याला कलम 29 लागतं, कारण नेमकं काय कबूल केलं हेच ठरवता येत नाही.

एचआर म्हणतात तो स्टे कसा येतो, ते माहीत असलं की भीती निम्मी होते. कंपनी विजयनगरच्या न्यायालयात दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे निरंतर मनाईचा दावा लावेल आणि सोबत तात्पुरत्या ताकिदीचा अर्ज देईल. आपल्याकडे त्याला सगळे निशाणी 5 म्हणतात. न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: प्रथमदर्शनी केस आहे का, समतोल कोणाकडे झुकतो, आणि भरून न निघणारं नुकसान कोणाचं होईल. नोकरीनंतरच्या बंदीवर पहिलीच पायरी कंपनीला चढता येत नाही. धोका एवढाच, की तुम्हाला न ऐकता तूर्तातूर्त ताकीद मिळाली तर ती उठेपर्यंत काही आठवडे जातात आणि तेवढ्यात नवी कंपनी घाबरते.

त्यावर उपाय कॅव्हेट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली कंपनीचं नाव, तुमचं नाव आणि अपेक्षित दाव्याचं स्वरूप लिहून अर्ज द्यायचा आणि त्याची प्रत कंपनीला पोचपावतीच्या टपालाने पाठवायची. मग तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय आदेश होत नाही. मुदत 90 दिवस, नंतर नवी टाकावी लागते. सांगलीत टाका, कारण करार तिथे झाला. सातारलाही टाका, कारण "भंग" तिथे झाला असं कंपनी म्हणू शकते, बाँडमध्ये फक्त सांगली न्यायालय लिहिलेलं असेल तर सातारची गरज नाही. निशाणी 5 चा निकाल विरुद्ध गेलाच तर जिल्हा न्यायालयात अपील आहे, आणि त्यापुढे जायची वेळ आली तर 18 ऑगस्ट 2025 पासून सांगली आणि साताऱ्याची प्रकरणं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात.

सातारच्या कंपनीला बाँड लपवून ठेवू नका. जुनी कंपनी त्यांना वकिलामार्फत पत्र पाठवेल तेव्हा त्यांना ते पहिल्यांदा कळलं, तर ऑफर मागे घेतली जाते. बाँडची प्रत आणि वकिलाचं एक पानाचं मत ऑफर स्वीकारतानाच द्या.

राहिला कोरा चेक. इथे निष्काळजीपणा अजिबात नको. सही करून कोरा चेक स्वेच्छेने दिला तरी तो देण्यापोटी दिला, असं गृहीतक परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 139 खाली तुमच्याविरुद्ध उभं राहतं, आणि कोऱ्या चेकलाही ते लागतं हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं आहे. कंपनीने पाच लाख भरून चेक लावला आणि तो परत गेला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत तिला नोटीस पाठवावी लागते. ती नोटीस हातात पडली की तुमचे 15 दिवस सुरू होतात. त्या 15 दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. बँकेत फक्त "स्टॉप पेमेंट" देऊन गप्प बसणं पुरत नाही, कारण त्यामुळे परत गेलेल्या चेकवरही कलम 138 लागू होऊ शकतं. बचाव भक्कम आहे: पाच लाखांचं देणं शून्य अटीतून आलेलं, म्हणजे कायद्याने वसूल होण्यासारखं देणंच नाही. पण तो सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी तुमच्यावर येते, आणि त्यासाठी आधीचा कागद हवा.

तो कागद म्हणजे राजीनाम्यासोबत जाणारं पत्र. राजीनामा ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पत्रात शेवटच्या दिवसाची तारीख द्या. नोटिशीच्या कमी दिवसांचे पैसे आणि ट्रेनिंगपोटी बिलांच्या आधारे 12,000 रुपये हक्क राखून द्यायला तयार आहे, असं लिहा. चेकबुकच्या काउंटरफॉइलवरून किंवा बँकेकडून चेकचा नंबर काढून तो लिहा आणि पुढे स्पष्ट मांडा: हा चेक रुजू होताना कोरा, केवळ तारण म्हणून दिला होता, वरील रकमांपलीकडे कोणतंही देणं नाही, तो परत करावा. मार्कशीट कोणत्या सेमिस्टरच्या, किती, हेही मोजून लिहा. दुसऱ्याच्या मूळ प्रमाणपत्रांवर कंपनीचा कोणताही धारणाधिकार नसतो, आणि त्या परत न दिल्यास परत मिळवण्याचा स्वतंत्र दावा लावता येतो. घाई असेल तर तंत्रशिक्षण मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करता येतो. फक्त त्या अर्जात "हरवल्या" असं लिहू नका. कंपनीने अडवून ठेवल्या आहेत असंच लिहा, कारण तोच अर्ज पुढे न्यायालयात तुमच्यासमोर ठेवला जाईल.